महिना झाला, आभार मानायचे राहिलेत

सांगलीच्या विश्रामबागेत आपलं छोटं भाकरीचं हॉटेल सुरू होऊन महिना झाला. गल्ल्यावर बसून रोज वाटायचं, चार ओळी लिहाव्यात. पण रात्री शटर ओढेपर्यंत हात चालत नव्हते. आज सोमवार, आठवड्याची सुट्टी, म्हणून निवांत लिहितोय.

धंदा कसा झाला ते सांगायला ही पोस्ट नाही. महिनाभरात कुठलं हॉटेल चाललं किंवा पडलं असं म्हणता येत नाही, आणि नवीन ठिकाणी एकदा डोकावून जाणारे पुष्कळ असतात हे मलाही कळतं. मला आभार मानायचेत ते थांबलेल्या माणसांचे आणि ज्यांच्यासाठी ती थांबली, त्यांचे.

आपल्याकडे अख्खा मसूर, भरलं वांगं, खर्डा, दही आणि ज्वारीची भाकरी मिळते. यातलं भाकरी सोडून बाकी सगळं आधी करून ठेवता येतं. मसूर सकाळीच शिजतो. दाणा अख्खा दिसला पाहिजे पण बोटानं दाबला की मऊ लागला पाहिजे, एवढं आमचे वस्ताद बघतात. ठेवून तो दाट झाला तर कढत पाणी घालून सारखा करता येतो. भाकरीचं तसं नाही. तव्यावरून उतरली की खायची. थोड्या वेळानं ती वातड होते, मग मसूर कितीही चांगला असला तरी जेवणारा गप्प बसतो.

म्हणजे आमच्या हॉटेलचा वेग मी ठरवत नाही, वाढपी पोरंही ठरवत नाहीत. तो चुलीपुढं बसलेल्या दोन मावशी ठरवतात. दोघींपुढं एकेक तवा. थापून, तव्यावर टाकून, वरून पाणी फिरवून, ते सुकायच्या आत उलथून, मग विस्तवावर फुगवून एक भाकरी उतरायला साधारण दोन मिनिटं लागतात. दोन तव्यांवर म्हणजे मिनिटाला एक. आता रविवारी दुपारी आठ माणसांचं एक कुटुंब आलं आणि प्रत्येकी दोन भाकरी धरल्या, तर त्या एका टेबलालाच पाव तास गेला. शेजारी कॉलेजची सहा पोरं बसलेली असतात, त्यांचा तर हिशेबच करायचा नाही.

पीठ आधी मळून ठेवा की, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ते होत नाही. गव्हाच्या कणकेला चिकटपणा असतो, ती भिजवून ठेवली तर उलट चांगली होते. ज्वारीत तो चिकटपणा नसतो. कढत पाण्यानं पिठाला जी पकड येते तेवढ्यावरच भाकरी उभी राहते, आणि मळलेला गोळा ठेवला की ती पकड जाते. म्हणून मावशी दोन-तीन भाकऱ्यांपुरतंच पीठ परातीत घेतात, मध्ये खळगा करून उकळतं पाणी ओततात, उलथन्यानं कालवतात, आणि हाताला सोसवेल तेव्हा मळायला घेतात. एका वेळेला तेवढंच.

अशाच एका रविवारी दोन मोठी टेबलं एकदम भरली. पहिल्या टेबलाचं पुरं करून मग दुसऱ्याला वाढायचं, असं पोरांचं चाललं होतं. थोरल्या मावशी आतून म्हणाल्या, "एकेकच वाढा रं. पहिली समद्यांच्या पानात पडू दे. एकानं दोन खायच्या आन् दुसऱ्यानं बघत बसायचं, हे बरं न्हवं." तेव्हापासून आम्ही फेऱ्या लावल्या. पहिली फेरी प्रत्येकाला एक, मग दुसरी. त्या दिवशी दुसऱ्या टेबलावरच्या एका काकांनी स्वतःच्या पानातली भाकरी उचलून शेजारच्या टेबलावरच्या लहान पोरीला दिली. ओळख ना पाळख. आणि मला म्हणाले, "गरम येऊ दे मालक, आम्हाला काय गाडी गाठायची नाही." काका, तुमचं नाव विचारायचं राहिलं. ही पोस्ट वाचत असाल तर मनापासून आभार.

दुसरे आभार पिठाबद्दल. मध्यंतरी भाकरीचे काठ चिरायला लागले. थापताना कड फाटायची, तव्यावर टाकताना मधनं भेगा. मला वाटलं पाणी कमी पडतंय. मावशींनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पानी न्हाई ओ, पीठ जुनं हाय. इरी गेलीया ह्याची." आम्ही दळलेलं पीठ विकत घेत होतो, आणि ते किती दिवसांचं आहे ते पिशवीवरून कळत नव्हतं. जुनं पीठ जरासं कडवट लागतं, आणि कितीही कढत पाणी घातलं तरी गोळा धरत नाही. त्याच आठवड्यात जेवायला आलेल्या एका आजींनीही पहिल्या घासाला नेमकं हेच ओळखलं. मोठ्यानं बोलल्या नाहीत, हात धुताना हळूच सांगून गेल्या. कोपऱ्यात नेऊन तोंडावर सांगणारं असं गिऱ्हाईक मला चार तारकांपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. आता आम्ही शाळू आणतो, निवडतो आणि एका दिवसाआड लागेल तेवढाच दळून घेतो. गिरणीत जायचं काम वाढलं, पण काठ चिरायचे थांबले.

पार्सलवाल्यांचंही थोडं. गरम भाकरी पिशवीत बंद केली की स्वतःच्याच वाफेनं ओली होते, आणि उघडी नेली तर घरी जाईपर्यंत कडक. वर्तमानपत्रात गुंडाळायची नाही, शाई अन्नाला लागते. मिरजेच्या एक ताई येताना स्वतःचा डबा आणि आत सुती फडकं घेऊन येतात. फडकं वाफ ओढून घेतं, भाकरी मऊ राहते. आम्ही त्यांचं बघून फडकी शिवून घेतली. पाच-सहा गिऱ्हाइकं ती धुऊन, घडी करून परत आणून देतात. याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता एक माझं मत, पटलं तर बघा. हॉटेलात टीप मिळते ती वाढणाऱ्या पोराला, कारण तो समोर दिसतो. धगीपुढं बसलेल्या मावशी आणि मागं मोरीत भांडी घासणारा दादा कुणाला दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडं टीप एकाच डब्यात पडते आणि शनिवारी सगळ्यांत सारखी वाटली जाते. त्यात माझा वाटा नाही. हे मी नाही, वाढपी पोरांनीच ठरवलं, नाहीतर मालकानं लादलेला नियम किती टिकतो ते सगळ्यांना माहीत आहे. पोरांनो, हे तुम्ही केलंत याबद्दल तुमचे आभार वेगळे.

भाकरीचं मशीन घ्या, असा सल्ला रोज एक जण तरी देतो. मशीनला माझी ना नाही, पुढं कधी घेईनही. पण सध्या तिसरा तवा मांडायचा विचार आहे. तवा आणि शेगडी बाजारात मिळेल, हात मिळत नाही. तुमच्या ओळखीत ज्वारीची भाकरी थापणाऱ्या कुणी मावशी किंवा काकू असतील, आणि दादा असले तरी चालेल, तर सांगा. वेळ सकाळी साडेदहा ते तीन, संध्याकाळी यायची सक्ती नाही. पगार रोजच्या रोज हवा असेल तर तसा, जेवण आमच्याकडं. एक दिवस येऊन थोरल्या मावशींपुढं चार भाकऱ्या थापून दाखवायच्या. निवड त्या करणार, मी नाही.