सत्तर की नव्वद? अरबी कागदाच्या फोटोवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

"गल्फला जाणाऱ्यांनो, अरबी कागद वाचायला पैसे मोजू नका! १) फ्लॅश मारून फोटो काढा, अक्षर न् अक्षर येतं. २) फोटो तिरका आला तरी ॲप सरळ करतं. ३) सावली पडली तर ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा, कागद कोरा करकरीत. ४) ॲपने दाखवलेला शब्द बरोबरच असतो, नाहीतर दाखवलाच नसता. ५) भाषांतरात 'शंका आहे' लिहिणाऱ्याला अरबी येत नाही समजा. सगळ्या ग्रुपवर टाका."

हा मेसेज मला ताईने पाठवला. वर लिहिलं होतं, "बघ, तुझं काम आता फुकटात होतंय." पाठोपाठ भाच्याच्या रियाधच्या नोकरीच्या कागदाचे दोन फोटो आले, अगदी मेसेजबरहुकूम काढलेले. मी बारा वर्षं शारजाला टायपिंग सेंटरमध्ये अरबी कागद टाइप केले, आता चिपळूणला बसून भाषांतरं करतो. तेव्हा माझा पोटशूळ उठला असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. मी त्या दोन फोटोंवरच बोलतो.

पहिला मुद्दा. कागद लॅमिनेट केलेला, वरून फ्लॅश. मधोमध वाटीएवढा पांढरा डाग. तो डाग म्हणजे कागद नव्हे, आरशात दिसावा तसा त्यात फ्लॅशचा दिवा दिसतोय. मोठं करून पाहिलं की ओळखता येतं: चांगल्या फोटोत कोरा कागदही जरासा राखाडी-पिवळट दिसतो, त्याचा पोत दिसतो; डागाच्या जागी निव्वळ पांढरं असतं, तिथे कॅमेऱ्याने काही टिपलेलंच नसतं. नंतर उजेड कमी करा, काँट्रास्ट वाढवा, काही परत येत नाही. उपाय सोपा आहे. फ्लॅश बंद, कागद खिडकीजवळ, उजेड एका बाजूने. एक फोटो काढा, मग कागद तसाच ठेवून फोन किंचित सरकवून दुसरा काढा. चकाकी जागा बदलते, शाई बदलत नाही. एका फोटोत झाकलेलं दुसऱ्यात सापडतं.

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. कागद सपाट असेल आणि चारही कोपरे फोटोत असतील, तर ॲप छान चौकोन करून देतं. पण कागद घडी पडून फुगलेला असेल तर कडा सरळ होतात आणि ओळी वाकड्याच राहतात. वाकड्या ओळीत अरबीचा खास घोटाळा होतो: वरच्या ओळीच्या अक्षराखालचा ठिपका खालच्या ओळीतल्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय तिरक्या फोटोत लांबच्या कडेची अक्षरं मुळात बारीक टिपली जातात, ताणून मोठी केली तरी त्यात नवा तपशील येत नाही.

आता तिसरा आणि चौथा मुद्दा. खरा घात इथे आहे. तो कळायला अरबीबद्दल एकच गोष्ट माहीत असावी लागते. ब, त, न, य ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आली की सगळ्यांचं रूप एकच, ओळीवर उठलेला एक छोटा दात. खाली एक ठिपका असला तर ब, खाली दोन असले तर य. वर एक असला तर न, वर दोन असले तर त. म्हणजे आपल्याकडे ज्या कामाला अख्खं वेगळं अक्षर लागतं, ते काम तिथे एक ठिपका करतो. 'सना' म्हणजे वर्ष आणि 'सित्ता' म्हणजे सहा, यांच्यात लिहिताना फरक काय? दातावर एक ठिपका की दोन, एवढाच.

ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर काय करतो? प्रत्येक कण आजूबाजूच्या उजेडाशी ताडून पाहतो, गडद असला तर काळा ठरवतो, नाहीतर पांढरा. मग एकटेदुकटे बारीक काळे कण धूळ समजून पुसून टाकतो. अरबीतला ठिपका हा त्याच्या लेखी धुळीचाच कण. उलट सावलीच्या कडेला खरा डाग किंवा घडीची रेघ काळी होऊन बसते आणि नसलेला ठिपका उगवतो. कागद करकरीत दिसतो हे खरं, पण मजकूर बदललेला असतो आणि बदलल्याची खूणही राहत नाही. म्हणून मला फोटो रंगीत हवा, फिल्टर न लावलेला. आणि व्हॉट्सॲपवर पाठवाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबून लहान होत नाही.

भाच्याच्या कागदावर हे दोन ठिकाणी झालं. पहिलं पगारात. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि पाच म्हणजे आपल्या शून्यासारखा गोल. मराठी डोळ्याला हा सापळाच आहे. १५०० लिहायचे तर एक उभी काडी, एक गोल, दोन ठिपके. फिल्टरने त्यातला शेवटचा ठिपका खाल्ला आणि ॲपने "मूळ वेतन १५० रियाल" असं भाषांतर दिलं. ताई घाबरली, पण ही चूक पकडता आली, कारण शेजारीच रक्कम अक्षरी लिहिलेली होती: 'फक़त अल्फ़ व ख़म्सुमिआ रियाल ला ग़ैर'. हजार आणि पाचशे. तो 'फक़त' म्हणजे चेकवर लिहितो तो आपला 'फक्त'च. अंक आणि अक्षरं दोन्ही असतील तर आधी अक्षरं वाचायची.

दुसरं प्रोबेशनमध्ये. तिथे अंक नव्हता, नुसता शब्द, आणि ॲपने ठणकावून सांगितलं, "सत्तर दिवस". शंका नाही, प्रश्नचिन्ह नाही, बाकीचे शब्द ज्या टायपात तोही त्याच टायपात. मी मूळ फोटो मोठा केला. सत्तर म्हणजे 'सबऊन', नव्वद म्हणजे 'तिसऊन'. कानाला वेगळे, पण कागदावर जुळे भाऊ. अरबी 'स'ला तीन दात असतात आणि ठिपका नसतो. सबऊनमध्ये आधी 'स'चे तीन दात, मग 'ब'चा एक. तिसऊनमध्ये आधी 'त'चा एक, मग 'स'चे तीन. दोन्हीकडे चार दात, पुढची अक्षरं तंतोतंत सारखी. फरक फक्त ठिपक्यांचा: पहिल्या दातावर दोन असले तर नव्वद, चौथ्या दाताखाली एक असला तर सत्तर. हस्तलिखितं वाचणाऱ्यांना ही जोडी चांगली ठाऊक असते.

फोटोत शब्दाच्या वरच्या अंगाला चकाकी होती, म्हणजे दोन ठिपके असले तरी दिसणार नाहीत. अशा वेळी खालची बाजू स्वच्छ असती तर निकाल लागला असता: चौथ्या दाताखाली ठिपका नाही, म्हणजे नव्वद. पण नेमकी शब्दाखालून घडी गेलेली, तिची सावली काळी, आणि त्या काळ्यात एक गोळा. तो ठिपका की घडीचा चुरा, सांगता येत नव्हतं. ठिपका दिसत नाही, याला पुरावा कधी म्हणायचं? ती जागा नीट दिसत असेल तेव्हाच.

मी 'नव्वद'च लिहून मोकळा होऊ शकलो असतो. सौदीच्या कामगार कायद्यात प्रोबेशनला ९० हा आकडा वर्षानुवर्षं होता, त्यामुळे तोच असणार असं मन म्हणतंच. पण ते वाचन नव्हे, तर्क आहे. आणि त्याच कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या भाषेतला मजकूर आणि अरबी मजकूर यांत फरक पडला तर अरबीच ग्राह्य. म्हणजे माझ्या तर्काला किंमत नाही, त्या ठिपक्याला आहे.

यावरून पाचव्या मुद्द्यावर येतो. 'शंका आहे' लिहिणाऱ्यांची यादी या मेसेजवाल्याने जरा पाहावी. १९३१ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात प्राच्यविद्येच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावरचे जीर्ण लेख आणि शिलालेख छापताना कोणतं अक्षर दिसलं, कोणतं अर्धवट दिसलं आणि कोणतं संपादकाने भरलं, यासाठी तिथे खुणा ठरल्या. नष्ट झालेलं आणि संपादकाने भरलेलं चौकटी कंसात, अंधुक दिसलेल्या अक्षराखाली ठिपका. जगभरचे पंडित आजही त्या वापरतात. ही सगळी अडाणी मंडळी म्हणायची! (अक्षराखालचा ठिपका मात्र अरबीत चालणार नाही, तिथे त्याने 'ब' होतो. मी प्रश्नचिन्ह वापरतो.)

ताईला मी जे पाठवलं ते असं: "प्रोबेशनचा काळ [७० किंवा ९०?] दिवस. पान २, वरून सहावी ओळ. शब्द सबऊन किंवा तिसऊन; वर चकाकी, खाली घडीची सावली, ठिपके दिसत नाहीत. मूळ कागदाचा दुसरा फोटो हवा."

यात बारकावे आहेत. "७०-९०" लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला तो कालावधी वाटला असता, सत्तर ते नव्वद. "बहुधा ९०" लिहिलं असतं तर 'बहुधा' गळून पडलं असतं, घरात तोंडी निरोप जातात तेव्हा पहिला तोच शब्द गळतो. खूण शब्दाला चिकटूनच हवी. पानाच्या तळाशी टीप टाकली तर कोणीतरी वरचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतो आणि टीप मागे राहते. शिवाय कारण लिहायलाच हवं. अक्षर दिसलं नाही ही एक अडचण, अक्षर स्वच्छ दिसलं पण त्याचा नेमका अर्थ लागत नाही ही वेगळी. पहिलीला नवा फोटो लागतो, दुसरीला जाणकार माणूस. दोन्हींना एकच प्रश्नचिन्ह लावलं तर समोरच्याने करायचं काय? आणि दर तिसऱ्या शब्दाला कंस लावू नका. भाच्याच्या दोन पानांत कंस एकच आहे. पगाराला नाही, कारण तो अक्षरांवरून पक्का झाला.

ताईचं उत्तर: "म्हणजे तुला पण वाचता आलं नाही."

भाच्याने मात्र ऐकलं. मुंबईला एजंटच्या ऑफिसात मूळ कागद लॅमिनेशनशिवाय होता. खिडकीत ठेवून, घडी तळहाताने दाबून, फोन थोडा लांब धरून दुप्पट झूम केलं, म्हणजे फोनची सावली पडत नाही. दोन फोटो आले. पहिल्या दातावर दोन ठिपके, शेजारी शेजारी. घडीतला गोळा म्हणजे शाईचा टवका होता, चौथ्या दातापासून चांगला दूर.

नव्वद. मी कंस काढून नवीन प्रत पाठवली. तो मेसेज ताईच्या ग्रुपवर आज सकाळी पुन्हा आला, या वेळी सहावा मुद्दा जोडून: "प्रोबेशन ७० दिवसांचंच असतं, आमच्या नात्यातल्या मुलाच्या कागदावर आहे."