किती दिवस बसू?

"ताई, आमच्या पोराला इथल्या एका हॉटेलात टेबलं पुसायचं काम मिळालंय. तुमच्याकडे म्हणे कामावर सोबतीला माणूस देतात. इथे तसं कोणी नाही, म्हणून मीच रोज बाजूच्या टेबलावर बसते. किती दिवस बसू?" सांगलीहून मावसबहिणीचा निरोप.

दिवस नको मोजूस. टेबल झालं की तो तुझ्याकडे किती वेळा बघतो, ते मोज.

माझ्या लेकालाही डाउन सिंड्रोम आहे. इथे न्यू जर्सीत बाविसाव्या वर्षी त्याला एका सुपरमार्केटच्या कॅन्टीनमध्ये हेच काम मिळालं, आठवड्याला 12 तास. जॉब कोच, म्हणजे कामावर सोबत राहून शिकवणाऱ्या बाई, आदल्या दिवशी एकट्याच तिथे गेल्या. दोन तास स्वतः टेबलं पुसली आणि कागदावर उतरवलं: ट्रे उचल, उष्टं डब्यात टाक, फवारा मार, पूस, खुर्ची आत सरकव. अशा 9 पायऱ्या. पुढे रोज प्रत्येक पायरीसमोर खूण व्हायची: आपण होऊन केलं, बोटानं दाखवावं लागलं, की तोंडानं सांगावं लागलं.

आठ पायऱ्या लवकर बसल्या. घोडं अडलं ते "पूस"वर. एकच टेबल तो दहा-दहा मिनिटं पुसत राहायचा. मॅनेजर म्हणाले, हळू आहे, जरा नीट समजावून सांगा. हळू होतं हे खरंच, पण समजावून सांगण्यानंच गोंधळ वाढत होता. डाउन सिंड्रोममध्ये ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं बहुधा जड जातं, पाहिलेलं त्यापेक्षा बरं टिकतं. त्यात आमच्या लेकाला एका कानानं कमी ऐकू येतं, आणि कॅन्टीनमध्ये गलका. शिवाय टेबल स्वच्छ झालं हे कशावरून ओळखायचं, ते त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. कोचनी बोलणं थांबवलं. चार कोपऱ्यांत चार फवारे, मधे एक. पाचही ओले ठिपके पुसले गेले की टेबल झालं. त्याचा फोटो त्याच्या एप्रनच्या खिशात. दोन दिवसांत टेबल तीन मिनिटांवर आलं.

मी खूश होते, कोच नव्हत्या. "प्रत्येक टेबलानंतर तो माझ्याकडे बघतो. मी मान हलवली तरच पुढचं टेबल," त्या म्हणाल्या. काम चोख होतं, पण ते त्यांच्या मानेवर चाललं होतं. मग त्या रोज थोड्या मागे सरकल्या. आधी खांबाआड, मग दारापाशी, मग बाहेर गाडीत. तोवर काउंटरवरच्या एका वयस्कर बाईंना त्यांनी तयार केलं होतं. तो अडला तर पाच सेकंद थांबायचं, मगच बोट दाखवायचं. नववा आठवडा संपला तेव्हा कोच आठवड्यातून एकदाच येत होत्या.

इथे सुरुवातीच्या कोचिंगचा खर्च राज्याचा व्यवसाय-पुनर्वसन विभाग करतो, सहसा जास्तीत जास्त 24 महिने. पुढची देखरेख दुसऱ्या विभागाकडे जाते, महिन्यातून किमान दोन भेटी. त्या भेटी किती गरजेच्या असतात ते आठव्या महिन्यात कळलं. मॅनेजर बदलले, टेबलं हलवली, पाळी शनिवारच्या गर्दीत गेली, आणि लेक कोपऱ्यात उभा राहायला लागला. कोच परत आल्या, नव्या मांडणीचे फोटो काढले, नऊ दिवस राहिल्या.

म्हणून आपल्याकडचा वाद मला अपुरा वाटतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव झाल्या, त्यात बौद्धिक दिव्यांगत्वाचाही वाटा आहे. भांडण त्या टक्क्यांवर, नाहीतर फक्त दिव्यांगांसाठी चालवलेली संरक्षित कार्यशाळा बरी की बाहेरची नोकरी यावर. सकाळी दहा वाजता हॉटेलात अशा पोराच्या शेजारी कोण उभं राहणार आणि त्या सोबतीच्या माणसाचा पगार कोण देणार, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेलाही मी डोक्यावर घेत नाही. दिव्यांगांना किमान वेतनाहून कमी पगार देण्याची मुभा इथल्या 1938 च्या कायद्यात अजून आहे, काही राज्यांनी आपापल्यापुरती ती बंद केली एवढंच.

माझ्या सासूबाई म्हणतात, त्याला टपरी टाकून द्या, माझ्या भावानं नाही का चालवली? त्यांच्या भावाला पोलिओ होता. त्याला उंच स्टूल मिळालं की बाकीचं तो बघून घ्यायचा. तुझ्या लेकाची अडचण निराळी आहे.

तू तिथे आई म्हणून बसतेस, आणि आईकडे पोरं बघणारच. उद्यापासून खुर्ची दारापाशी ने. मालकांना विचार, तो आपण होऊन कोणाशी बोलतो? भांडी घासणाऱ्या मावशी असोत, नाहीतर वेटर. ते पाच सेकंद थांबणं त्यांना शिकव. त्यांना त्याचे पैसे द्यावेत का, आणि कोणी द्यावेत, हे मलाही सुटलेलं नाही. पण पाच फवाऱ्यांचा फोटो आजच काढ, त्यांच्याच टेबलाचा.