स्मरणपत्र क्रमांक सात कसे लिहावे

समोरचा माणूस उत्तर देत नाही याचा अर्थ एकच: त्याला तुमचा मेल मिळालेलाच नाही. मेल पोहोचला, त्याने तो वाचला आणि ‘नाही’ लिहायला जड जाते म्हणून तो गप्प बसला, असल्या शक्यता मनात आणू नयेत. झोप बिघडते.

तुमचेच प्रकरण घेऊ. तुम्ही भाषांतराची कामे करता. एका संस्थेतल्या बाईंनी विचारले की चाळीस पानांच्या माहितीपुस्तिकेचे किती घ्याल आणि किती दिवसांत द्याल. तुम्ही मंगळवारी दर कळवलेत आणि काम चोख व्हावे म्हणून वर पाच प्रश्न विचारलेत. भाषा सोपी हवी की कार्यालयीन, आकृत्यांमधला मजकूर धरायचा का, परिशिष्टाचे काय, फाइल कोणत्या स्वरूपात द्यायची आणि शेवटी तपासणार कोण. यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरे बाईंकडे नव्हती. ती साहेबांना विचारायला हवी होती आणि साहेब रजेवर होते. तेव्हा बाईंनी मेलला तारा लावला आणि निवांतपणे उत्तर द्यायचे ठरवले. निवांत नावाचा वार कुठल्याच कॅलेंडरात नाही, पण हे तुम्ही कशाला लक्षात घ्यायचे?

तुम्ही गुरुवारी दुसरा मेल टाका. ‘सहज आठवण करून देत आहे.’ एवढेच. या वाक्याची थोरवी अशी की त्यात काहीही नसते. पाच प्रश्न होते तिथेच असतात, उत्तर देणे होते तितकेच अवघड राहते, फक्त बाईंना आता थोडे अपराधी वाटते. अपराधी वाटणारा माणूस मेल उघडायचे टाळतो, हा एक बारीकसा दोष आहे, त्याकडे दुर्लक्ष करा. आणि हो, हा मेल जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवू नका, कोरा पाठवा. म्हणजे दर काय होता, प्रश्न कोणते होते हे बाईंना शोधत बसावे लागेल. शोधताना तुमची आठवण होईल.

आता संशोधनाचा टप्पा. समोरच्याने मेल उघडला की नाही ते सांगणारी साधने मिळतात. मेलमध्ये ती डोळ्यांना न दिसणारे एका ठिपक्याएवढे चित्र घालतात, आणि ते चित्र सर्व्हरवरून उतरवले गेले की ‘मेल उघडला’ अशी नोंद होते. ॲपलच्या मेल ॲपमध्ये 2021पासून अशी सोय आहे की ती चालू असेल तर माणसाने मेल वाचो न वाचो, चित्रे आधीच परस्पर उतरवली जातात. उलट कोणी चित्रे बंद ठेवली असतील तर चारदा वाचलेला मेलही न उघडलेला दिसतो. थोडक्यात, या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून मनात येईल ते सिद्ध करायला ती उत्तम. रात्री पावणेबारा वाजता मेल उघडल्याचे दिसले तर समजा, बाई तुमच्या दरांवर विचार करत तळमळत आहेत.

तिसऱ्या मेलला साहेबांना सीसी करा. हा हुकमी उपाय. कालपर्यंत जो प्रश्न होता त्याची एका क्षणात तक्रार होते. बाईंना आता तुम्हाला उत्तर लिहायचे नसते, साहेबांना खुलासा करायचा असतो, आणि खुलासा घाईत लिहीत नाहीत. त्यामुळे अजून आठवडाभर शांतता. तो आठवडा व्हॉट्सॲपवर सत्कारणी लावावा: ‘मेल केलाय, बघितलात का?’ दोन निळ्या खुणा दिसल्या की दहा मिनिटे थांबून एक प्रश्नचिन्ह पाठवा. मग लाज वाटून ते पुसून टाका. पुसल्याची नोंद तिथे राहतेच, तेव्हा बाईंना तुम्ही काहीतरी लिहून मागे घेतलेत एवढे कळेल, काय ते कळणार नाही. उत्कंठा वाढवायला यापरते साधन नाही.

पुढचे मेल ओघाने येतात. जीमेलसुद्धा तुमच्या बाजूने असते. ‘तीन दिवसांपूर्वी पाठवला, पाठपुरावा करायचा?’ असे ते आपण होऊन सुचवते. बाईंचे साहेब रजेवर आहेत हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते.

काही लोक मात्र पहिल्या मेलनंतर फक्त तीनदा लिहितात आणि खरोखर थांबतात. त्यांच्यापासून सावध राहावे, कारण त्यांची पद्धत भयंकर आहे. ते आधी आठवडाभर गप्प बसतात. मग त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून लिहितात, म्हणजे सगळा संदर्भ खाली आपोआप राहतो. पाच प्रश्नांतले चार ते स्वतःच निकालात काढतात: ‘भाषा सोपी, आकृत्यांसह, परिशिष्ट वगळून आणि वर्ड फाइल असे धरले आहे. चालेल ना? नुसते हो लिहिलेत तरी पुरे.’ म्हणजे बाईंना साहेबांची वाट पाहायचेही निमित्त उरत नाही. तरीही उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी ते दुसऱ्यांदा लिहितात, पण त्यात काहीतरी नवे आणि खरे असते, जसे की ‘10 तारखेपासून माझे दुसरे काम सुरू होतेय, त्याआधी ठरले तर महिनाअखेर देऊ शकेन.’ खोटी मुदत ते घालत नाहीत, कारण 11 तारखेला तुम्ही मोकळेच आहात हे उघडे पडते.

आणि आणखी दोन आठवड्यांनी शेवटचा मेल. हा तर वाचवत नाही. ‘आपल्याकडून काही कळले नाही, तेव्हा हे काम सध्या पुढे जात नाही असे समजतो. कळवलेला दर 30 तारखेपर्यंत लागू राहील. पुढे कधी गरज पडली तर इथेच लिहा.’ संपले. ना टोमणा, ना ‘निदान उत्तर तरी द्यायचे होते’. बाईंना जो नकार लिहायचा धीर होत नव्हता तो या गृहस्थांनीच लिहून दिला! त्यामुळे होते काय, की कधी कधी अर्ध्या तासात उत्तर येते: ‘माफ करा, साहेबांनी हे काम पुढच्या वर्षावर ढकलले.’ झाले. महिनाभर जपलेली आशा एका ओळीत गेली. सातवा मेल पाठवणाऱ्याची आशा अजून शाबूत असते. आणि उत्तर नाहीच आले तरी या लोकांना काही वाटत नाही, कारण प्रकरण त्यांनीच बंद केलेले असते. वर्षभराने बाईंना पुस्तिकेसाठी कोणी हवे झाले की याच मेलवर लिहायला त्यांना संकोच वाटत नाही. सात मेलवाल्याला लिहायचे तर आधी सातांची माफी मागावी लागते.

एक अपवाद सांगून ठेवतो. काम करून दिले आहे आणि पैसे यायचे आहेत, तिथे ही थांबायची भानगड लागू नाही. तिथे बिलाचा क्रमांक आणि देय तारीख लिहून पैसे येईपर्यंत मागत राहायचे असते. एकाच माणसाला तेच तेच न लिहिता दरवेळी एक पायरी वर जायचे असते: आधी काम देणारा, मग हिशेब विभाग, मग त्यांचा वरिष्ठ. सीसीचा उपयोग खरा इथे. पण तुम्ही सज्जन माणूस. न मिळालेल्या कामासाठी सात मेल लिहिलेत आणि मिळालेल्या कामाच्या बिलासाठी एकच, तोही शेवटी ‘सवडीने पाहावे’ असे लिहून. हिशेब विभाग तुमच्या शब्दाबाहेर नाही. ते सवडीने पाहत आहेत.