नॉर्मल एसजीपीटी म्हणजे लिव्हर ठणठणीत? अजिबात नाही

"फॅटी लिव्हर असेल तर फिब-४ स्कोर काढा. १.३ च्या वर आला की सिरोसिस सुरू झालाय. १.३ च्या खाली असेल तर आयुष्यभर निर्धास्त. आणि एसजीपीटी नॉर्मल असेल तर काही काढायची गरजच नाही."

हा मेसेज आमच्या आत्याकडे पोचला आणि तिने रात्री साडेदहाला रडवेल्या आवाजात मला फोन केला, कारण कुणीतरी मोबाईलवर तिचा स्कोर काढून दिला होता आणि तो आला होता १.९२. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. म्हणून लिहितोय.

आधी तिचंच घेऊ. फिब-४ म्हणजे लिव्हरमधे व्रण किती झाले असतील याचा रक्ताच्या साध्या रिपोर्टवरून काढलेला अंदाज. सूत्र असं आहे:

```
FIB-4 = (Age × AST) / (Platelets × √ALT)
```

एएसटी म्हणजे रिपोर्टवरचा एसजीओटी, एएलटी म्हणजे एसजीपीटी, दोन्ही लिव्हरच्या पेशींमधून रक्तात येणारी एन्झाइम्स. आत्याचं वय ६८, एसजीओटी ३४, एसजीपीटी ३०, प्लेटलेट २ लाख २० हजार, म्हणजे सूत्रात २२०. उत्तर १.९२, हिशोब बरोबर आहे. आता फक्त वय बदलून ४० करा, बाकी सगळं तेच. उत्तर १.१३! लिव्हर तेच, रक्त तेच, नुसत्या वयाने माणूस रेषेच्या पलीकडे गेला. म्हणूनच ६५ च्या पुढे खालची रेषा १.३ नाही, २.० धरतात. आत्या त्या रेषेच्या आत आहे. आणि १.३ ओलांडलं तरी सिरोसिस ठरत नाही, पुढची तपासणी करा एवढंच ठरतं. ती म्हणजे फायब्रोस्कॅन, सोनोग्राफीसारखी, सुई न टोचता लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी. २.६७ च्या वर गेला तर मात्र वेळ न घालवता लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायचं.

पण माझा खरा राग आहे तो शेवटच्या वाक्यावर, एसजीपीटी नॉर्मल तर काही काढू नका. आत्या घाबरली, पण निदान तपासायला तरी जाईल. हे वाक्य वाचून ज्याला खरंच गरज आहे तो माणूस घरी बसेल.

समजा वय ५६, एसजीपीटी २५. एकदम नॉर्मल, रिपोर्टवर लाल खूणही नाही. एसजीओटी ४८, थोडासा वर, प्लेटलेट १ लाख ३५ हजार. वर ५६ गुणिले ४८ म्हणजे २६८८, खाली १३५ गुणिले २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे ६७५. भागाकार ३.९८. सरळ धोक्याच्या गटात. आता याच माणसाचा एसजीपीटी ६४ असता तर? स्कोर २.४९, म्हणजे उलट कमी! कारण एसजीपीटी सूत्रात भागाकाराच्या खाली बसलाय.

आणि हे उगाच नाही. लिव्हरमधे व्रण वाढत जातात तसा बऱ्याचदा एसजीपीटी खाली येतो आणि एसजीओटी त्याच्या पुढे निघून जातो. लिव्हरकडे येणाऱ्या शिरेत दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात, शिवाय प्लेटलेट तयार करायला सांगणारं हार्मोन मुख्यतः लिव्हरच बनवतं, तेही कमी पडतं. म्हणजे "नॉर्मल" एसजीपीटी आणि हळूहळू घसरणाऱ्या प्लेटलेट ही जोडी एकत्र बघायची असते, आणि मेसेजवाला म्हणतो बघूच नका.

१.३ च्या खाली म्हणजे निर्धास्त, यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. खालचा स्कोर असेल तर त्या दिवशी फार पुढे गेलेले व्रण असण्याची शक्यता बरीच कमी असते, या स्कोरची खरी ताकद तीच. पण "आयुष्यभर" कुठून आणलं? अमेरिकेतल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेचं २०२३ चं मार्गदर्शन सरळ सांगतं की डायबेटिस असेल तर दर १-२ वर्षांनी पुन्हा काढा, तसा धोका नसेल तर २-३ वर्षांनी. आणि पस्तिशीच्या आतल्यांमधे हा स्कोर फारसा भरवशाचा नाही, वय कमी म्हणून तो आपोआप खाली येतो.

स्वतः काढणार असाल तर प्लेटलेट नीट टाका. रिपोर्टवर १.३५ लाख असेल तर १३५ टाकायचं. १.३५ टाकलं तर वरच्या माणसाचा स्कोर ३९८ येईल आणि १३५००० टाकलं तर ०.००४. डेंग्यूसारख्या तापात काढूच नका, तेव्हा प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतो, स्कोर खोटाच वर जातो. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी नवीन रक्त देऊन काढा.

आत्याला काल हे सगळं फोनवर आकड्यांसकट करून दाखवलं. तिला डायबेटिस आहे, म्हणून पुढच्या वर्षी परत काढायचा ठरलाय, आणि तिच्या जुन्या रिपोर्टमधल्या प्लेटलेट मी एका कागदावर तारखेनिशी लिहून घेतल्यात.