लेटर ऑफ इंटेंट लिहिताय? मग मोकळ्या हातानं लिहा

कुपवाड एमआयडीसीत हळद पॉलिशचं युनिट टाकताय, पॉलिश ड्रमची तीन कोटेशनं आली, त्यातलं १८ लाखांचं पसंत पडलं, पण बँकेचं लोन अजून लटकलेलं आणि कराराला महिनाभर तरी लागणार. वेंडर म्हणतो, शेठ, तोवर कायतरी लेखी द्या की. द्या ना! वर मोठ्या अक्षरात 'लेटर ऑफ इंटेंट' टाका (हे नाव टाकलं की आपण कशालाच बांधील नसतो, असं मिरजेपासून इस्लामपूरपर्यंत सगळे मानतात) आणि खाली दोनच ओळी: "आपली निवड झाली आहे. रेट फायनल, काम ताबडतोब सुरू करावे."

'हे पत्र म्हणजे करार नव्हे, सही झाल्याशिवाय ऑर्डर समजू नये' असलं काही लिहू नका, माणूस नाराज होतो. लोनची अट तर अजिबात नको, उगाच आपली ऐपत दिसते. आणि मुदत कशाला, पत्र काय दूध आहे का नासायला?

मग वेंडर चार लाखांचं स्टील उचलेल, ड्रॉइंग व्हॉट्सअपवर पाठवेल, तुम्ही ओके म्हणून अंगठा टाका आणि त्याच ड्रॉइंगवरनं फाउंडेशनही भरून घ्या. तिसऱ्या आठवड्यात बँक नाही म्हणाली की छाती पुढं काढून सांगा, "अहो, तो नुसता इंटेंट होता!"

त्याचा वकील मात्र वरचं नाव बघणार नाही, कोर्टही बघत नाही, दोघं खालची भाषा आणि तुमचं वागणं बघतात. माल ठरला, भाव ठरला, काम सुरू करा म्हणालात, ड्रॉइंग पास केलंत, मग करार व्हायचा काय राहिला, असं तो विचारेल. बरं, करार नाहीच ठरला तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० आहेच, फुकट करायचं नाही म्हणून केलेल्या कामाचा फायदा घेतला तर भरपाई द्यावी लागते. स्टील त्याच्याच शेडमध्ये पडलंय म्हणून स्टीलच्या पैशांना हे कलम लावणं अवघड, पण ड्रॉइंगवर तर तुमचं फाउंडेशन उभं आहे ना ओ.

शेजारचा प्लॉटवाला भलताच किचकट. त्यानं लिहिलं, लोन मंजूर होऊन सह्या झाल्या तरच ऑर्डर; तोवर फक्त ड्रॉइंग करा, त्याचे जास्तीत जास्त ६० हजार देऊ; मटेरियल घेतलं तर तुमच्या जबाबदारीवर; ३० दिवस आम्ही दुसऱ्या वेंडरशी बोलणार नाही, नंतर पत्र आपोआप रद्द. ह्यातली ६० हजारांची आणि दुसऱ्याशी न बोलायची, एवढ्या दोनच गोष्टी आमच्यावर बंधनकारक, बाकी नाही, हेही वेगळ्या ओळीत. लोन त्याचंही बुडालं. ६० हजार देऊन मोकळा झाला, काल त्याच वेंडरबरोबर चहा पीत होता.

तुमचा अर्धवट ड्रम मात्र अजून वेंडरच्या शेडबाहेर उभा आहे, त्यावर खडूनं तुमच्याच युनिटचं नाव लिहिलंय.