मृत्युपत्रातील बदल: पुरवणी कुठे पुरते आणि कुठे घात करते

«मृत्युपत्र एकदा नोंदवले की पुन्हा नवे करण्याचा खटाटोप नको. बदल हवा असेल तर साध्या कागदावर पुरवणी लिहून सही करा आणि मूळ प्रतीला टाचून ठेवा. छोटा बदल तर त्याच पानावर खोडून करता येतो. आणि पुढे कधी नवे केलेच, तर जुने आपोआप रद्द होते.»

असा सल्ला सर्रास ऐकू येतो, पण तो अर्धाच खरा आहे. कागद साधा असला तरी चालतो, कारण मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. नुसती सही मात्र पुरत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार पुरवणी, म्हणजेच कोडिसिल, हा मृत्युपत्राचाच भाग मानला जातो आणि म्हणून तिलाही कलम 63 ची सर्व औपचारिकता लागते: करणाऱ्याची सही, आणि ती सही होताना पाहिलेल्या किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या त्याच्यासमोर केलेल्या सह्या. साक्षीदारांविना टाचलेला कागद कितीही खऱ्या मनाने लिहिलेला असला तरी तो पुरवणी ठरत नाही.

खाडाखोडीचेही तसेच आहे. कलम 71 प्रमाणे मृत्युपत्र पूर्ण झाल्यावर पानावर केलेला बदल तेव्हाच धरला जातो, जेव्हा त्याच्या जवळ समासात करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही असते. तशी सही नसताना एका रेघेने खोडलेले नाव वाचता येत असेल, तर तेच नाव कायम राहते आणि वर लिहिलेले नवे नाव निरर्थक ठरते.

तरीही माझ्या मते खरा धोका सह्यांपेक्षा शब्दांत आहे, आणि तो रीतसर केलेल्या पुरवणीतही असतो. समजा, पुण्यातील एका गृहस्थांनी 2014 च्या मृत्युपत्रात लिहिले की कोथरूडची सदनिका मुलीला, पुतणीला 5 लाख रुपये आणि उरलेले सर्व मुलाला. 2019 मध्ये त्यांना पुतणीची रक्कम वाढवावीशी वाटली, म्हणून त्यांनी दोन साक्षीदारांसमोर पुरवणी केली: «माझ्या पुतणीला 8 लाख रुपये द्यावेत.» त्यांच्या मनात 5 च्या जागी 8 होते. परंतु कलम 101 चा नियम असा की एकाच व्यक्तीला मृत्युपत्रात एक रक्कम आणि पुरवणीत दुसरी दिली असेल, तर वेगळा हेतू दिसत नसल्यास तिला दोन्ही मिळतात. म्हणजे पुतणीचा हक्क 13 लाखांवर जातो आणि वरचे 5 लाख मुलाच्या वाट्यातून जातात. «मृत्युपत्राच्या परिच्छेद 4 मधील 5 लाखांऐवजी 8 लाख असे वाचावे, बाकी सर्व मजकूर कायम» एवढे एक वाक्य असते तर प्रश्नच उरला नसता.

2021 मध्ये त्यांनी कोथरूडची सदनिका विकून बाणेरला घर घेतले आणि कागदांना हात लावला नाही. कलम 152 नुसार नेमकी दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी मालकीची नसेल तर ते दान संपते. बाणेरचे घर ‘उरलेले सर्व’ यात जाऊन मुलाला मिळते आणि मुलीच्या हाती काहीच येत नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यवस्थापकाचे नाव बदलणे किंवा एखादा दागिना कुणाला तरी देणे यासाठी पुरवणी योग्यच आहे. मिळकत बदलली, कुणाला वगळायचे असले किंवा पहिली पुरवणी आधीच झालेली असली, तर मात्र नवे मृत्युपत्र करावे. एक मृत्युपत्र आणि तीन पुरवण्या म्हणजे वाद झाल्यास चार दस्तऐवज, प्रत्येकाचा साक्षीदार शोधून स्वतंत्रपणे शाबीत करायचे. शिवाय वगळलेल्या माणसाला आपले नाव पूर्वी कुठे होते तेही त्यात वाचायला मिळते, आणि बहुतेक भांडणांची ठिणगी तिथेच पडते.

नव्या मृत्युपत्रात «यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी रद्द करतो» असे स्पष्ट लिहावे. ते नसेल तर जुने मृत्युपत्र नव्याशी विसंगत असेल तेवढेच बाद होते आणि उरलेले दोन्ही मिळून वाचावे लागतात. उलट, रागाच्या भरात हे नवे फाडले म्हणून जुने जिवंत होत नाही. कलम 73 प्रमाणे ते पुन्हा रीतसर करावे लागते किंवा तसा हेतू सांगणारी पुरवणी करावी लागते.

आणि नवे झाले म्हणून जुन्याची मूळ प्रत लगेच फाडू नये, विशेषतः करणारा वयोवृद्ध किंवा आजारी असेल तर. उद्या न्यायालयाने त्याची मानसिक क्षमता नव्हती म्हणून नवे मृत्युपत्र फेटाळले, तर त्यातले रद्द करण्याचे वाक्यही त्याबरोबर जाते आणि जुने लागू राहते. ते आधीच त्याने स्वतः जाणूनबुजून फाडून नष्ट केले असे ठरले, तर मिळकत वारसा कायद्याने वाटली जाते, आणि वरच्या उदाहरणातील पुतणीला त्यात काहीच मिळत नाही.