दम वाढवायचा तो फॉरवर्ड चुकीचा आहे

"बुडी मारायच्या आधी २०-३० वेळा जोरात श्वास घ्या, ऑक्सिजन साठतो, फिट माणसाला काही होत नाही."

नाशिकच्या स्विमिंगवाल्या ग्रुपांवर हे फिरतंय. मी टँकवर बरीच वर्षं पोरांना शिकवतोय म्हणून सांगतो, रक्तात ऑक्सिजन आधीच जवळपास ९८ टक्के भरलेला असतो, जोरात श्वास घेऊन त्यात फारसं वाढत नाही, कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि "वर ये, श्वास घे" ही तडफड मुख्यतः तो वाढल्यामुळेच होते. म्हणजे पोरगं पाण्याखाली एक लेंथ मारतं, वळतं, त्याला एकदम मस्त वाटत असतं कारण अलार्मच बंद केलाय, तिकडे हातपाय ऑक्सिजन खातायत आणि मधेच शुद्ध जाते, काही न जाणवता. ४ फूट पाण्यातसुद्धा. फिट पोरांना जास्त धोका, कारण तडफड झाली तरी ती दाबायची त्यांना सवय असते.

वरून बघणाऱ्याला वाटतं दम धरून बसलाय. हालचाल थांबली की मोजत बसू नका, लगेच बाहेर काढा, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि सीपीआर सुरू करा.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.